मेंढीचे पोट आणि आपल्या पोळीतले सोयाबीन

अध्यक्षमहोदय आणि श्रोतेहो,

निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय ‘सोयाबीन आणि संप्रेरके: संशोधन काय सांगते’ असा छापला आहे. त्या संशोधनापर्यंत मी पोहोचेनच, परंतु वाटेत एक गिरणी आणि एक मेंढी लागते, आणि दोघींना टाळून पुढे जाणे मला आजवर जमलेले नाही.

आधी गिरणी. गेल्या महिन्यात मी आमच्या पेठेतल्या गिरणीवर दळण घेऊन गेलो असता माझ्यापुढे एक गृहस्थ मोठा डबा घेऊन उभे होते. दहा किलो गव्हात एक किलो भाजलेले सोयाबीन, असे आपल्यापैकी अनेकांच्या घरी वर्षानुवर्षे चालत आलेले ते दळण होते. गृहस्थांना मात्र त्यातले सोयाबीन तेथल्या तेथे वेगळे करून हवे होते. त्यांचा मुलगा व्यायामशाळेत जातो आणि तिथल्या प्रशिक्षकाने त्याला सांगितले होते की सोयाबीनमध्ये बायकांचे हार्मोन असते, त्याने पुरुषांची छाती वाढते. गिरणीवाल्याने चक्की थांबवली, डब्यात डोकावून पाहिले आणि अत्यंत शांतपणे विचारले, “काका, घरी चाळणी नाही का?” पुण्यात शास्त्रीय शंकेचे निरसन साधारणपणे इतक्याच शब्दांत होते. मला ते पुरेसे वाटले नाही, म्हणून आज तुमचा पाऊण तास मागितला आहे.

त्या प्रशिक्षकाचे म्हणणे हवेतून आलेले नव्हते, हे प्रथम मान्य केले पाहिजे. सोयाबीनमध्ये आयसोफ्लेव्होन नावाची संयुगे असतात आणि त्यांपैकी जेनिस्टीन व डेडझीन ही दोन मुख्य आहेत. त्यांच्या रेणूची ठेवण आपल्या शरीरातल्या इस्ट्राडायॉल या मुख्य इस्ट्रोजेनशी, म्हणजे स्त्री-संप्रेरकाशी, इतकी मिळतीजुळती असते की इस्ट्रोजेन पेशीतल्या ज्या रिसेप्टरवर बसून आपला निरोप देते तिथे तीही बसू शकतात. म्हणून त्यांना वनस्पतिज इस्ट्रोजेन म्हणतात. माझी तक्रार या नावाबद्दल आहे, कारण नाव ऐकले की माणूस पुढचे ऐकतच नाही.

आता मेंढी. 1940 च्या दशकाच्या आरंभी पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या मेंढपाळांपुढे एक विचित्र संकट उभे राहिले. सबटेरेनियन क्लोव्हर नावाच्या, आपल्या मेथीघासाच्याच कुळातल्या चाऱ्याने कुरणे हिरवीगार झाली होती, मेंढ्या धष्टपुष्ट दिसत होत्या, आणि तरीही त्या गाभण राहत नव्हत्या. ज्या राहत, त्यांपैकी कित्येक वितांना अडत आणि कित्येकींचे अंग बाहेर येई. त्याहून चक्रावून टाकणारी गोष्ट म्हणजे कधीही नराजवळ न गेलेल्या मेंढ्यांना, इतकेच नव्हे तर खच्ची केलेल्या नरांनाही दूध उतरू लागले. खाणारा प्राणी निरोगी, चारा उत्तम आणि कळप मात्र वांझ, अशी ती अवस्था होती. बेनेट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1946 मध्ये हा सारा प्रकार शास्त्रीय नियतकालिकात मांडला आणि दोष त्या चाऱ्यातल्या इस्ट्रोजेनसारख्या द्रव्याकडे जातो असे दाखवून दिले. सोयाबीनविषयीच्या आजच्या भीतीचे मूळ गाव मी तरी तेच मानतो.

परंतु मेंढीच्या पोटात नेमके काय घडत होते, हे पाहिल्याशिवाय त्या गावाहून परत येऊ नये. क्लोव्हरमध्ये मुख्यतः फॉर्मोनोनेटिन असते आणि ते स्वतः फारसे काही करत नाही. मेंढीच्या रुमेनमध्ये, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, जिवाणू त्याचे डेडझीन करतात आणि डेडझीनचे इक्वॉल करतात. हे इक्वॉल त्यापेक्षा प्रभावी असते आणि तेच मेंढीच्या रक्तात सतत राहते. (इक्वॉल हे नाव घोडीवरून आले आहे, कारण 1932 मध्ये ते प्रथम गाभण घोडीच्या मूत्रातून वेगळे करण्यात आले. प्राणिसंग्रहालयाचा हा विषय मी येथेच थांबवतो.) उपद्रवी वाणांच्या सुक्या पाल्यात फॉर्मोनोनेटिन एक टक्क्याच्या आसपास असे. दिवसाला किलोभर सुका चारा एवढाच हिशेब धरला तरी मेंढीच्या पोटात रोज सुमारे दहा ग्रॅम, म्हणजे दहा हजार मिलिग्रॅम द्रव्य जात होते, आणि तेही महिनोन्महिने.

आता हाच हिशेब गिरणीतल्या डब्याला लावू. एका पोळीला साधारण 30 ग्रॅम पीठ धरले, तर चार पोळ्यांना 120 ग्रॅम झाले आणि त्यात सोयाबीन 11 ग्रॅमच्या आसपास आले. सुक्या सोयाबीनच्या दर ग्रॅमला सुमारे दीड मिलिग्रॅम आयसोफ्लेव्होन धरावे. वाण आणि हंगाम यांनुसार हा आकडा बराच खालीवर होतो, आणि आपल्या आघारकर संशोधन संस्थेतून निघालेल्या ‘एमएसीएस’ वाणांवर काम केलेले कोणी श्रोत्यांत असतील तर ते मला लगेच दुरुस्त करतील. माझ्या हिशेबाने त्या मुलाच्या चार पोळ्यांत दिवसाला सुमारे 16 मिलिग्रॅम भरतात. जपानमध्ये पारंपरिक जेवण जेवणारी प्रौढ माणसे रोज सुमारे 25 ते 50 मिलिग्रॅम घेतात. भाजण्याने ही संयुगे फारशी नाहीशी होत नाहीत, त्यामुळे तो फायदा मी हिशेबात धरलेला नाही. सोयाबीनच्या तेलात मात्र ती जवळजवळ नसतातच, तेव्हा फोडणीची चिंता कोणी करू नये.

येथे श्रोत्यांतून नेहमी एक हुशार आक्षेप येतो आणि तो येण्याआधी मीच घेतो. प्रयोगशाळेत पेशींवर तपासले तर ही द्रव्ये इस्ट्राडायॉलपेक्षा शेकडो ते हजारो पटींनी दुबळी ठरतात. परंतु सोयाबीन खाणाऱ्याच्या रक्तात त्यांचे प्रमाण इस्ट्राडायॉलच्या हजारपटही असू शकते. मग दुबळे म्हणून सोडून कसे द्यावे? आक्षेप रास्त आहे. त्याला उत्तरे दोन आहेत. एक असे की रक्तात फिरणारे बहुतेक जेनिस्टीन मोकळे नसते. आतड्यात आणि यकृतात त्याला ग्लुक्युरोनिक आम्लाची जोड दिली जाते आणि अशा बांधलेल्या रूपात ते रिसेप्टरवर नीट बसत नाही. मोकळा भाग अगदी थोडा उरतो. दुसरे असे की इस्ट्रोजेनचे रिसेप्टर दोन प्रकारचे आहेत, अल्फा आणि बीटा. बीटाचा शोध लागला 1996 मध्ये, म्हणजे मेंढ्यांनंतर तब्बल अर्ध्या शतकाने. स्तन आणि गर्भाशय यांच्या पेशींना वाढायला लावण्यात मुख्य हात अल्फाचा, आणि जेनिस्टीनचा ओढा मात्र बीटाकडे कितीतरी अधिक असतो. म्हणून ‘दुबळे इस्ट्रोजेन’ हे वर्णनही मला अपुरे वाटते. इस्ट्राडायॉल जे करते तेच थोडे कमी, असे हे द्रव्य वागत नाही.

इक्वॉलचे काय, असे एक ताई खुणेने विचारत आहेत. आपल्यालाही काही प्रमाणात मेंढीचे पोट लाभले आहे. आतड्यात विशिष्ट जिवाणू असले तर माणसातही डेडझीनचे इक्वॉल होते. पाश्चात्त्य प्रौढांत पंचवीस ते तीस टक्के लोकांत ते होते आणि जपानी प्रौढांत सुमारे निम्म्यांत. एकच सोयाबीन दोन माणसांत वेगवेगळे वागते ते बहुधा यामुळे, आणि जुन्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी का जुळत नाहीत याचे एक कारणही हेच असावे.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे की दहा मिनिटे उरली आहेत. पत्रिकेवर छापलेला विषय आता सुरू होतो.

पुरुषांपासून आरंभ करू. छाती वाढल्याची नोंद खरोखरच आहे. 2008 मध्ये अमेरिकेतल्या एका साठ वर्षांच्या गृहस्थांची हकीकत प्रसिद्ध झाली. ते रोज तीन क्वार्ट, म्हणजे पावणेतीन लिटरच्या पुढे, सोयादूध पीत होते. त्यांच्या छातीत दुखरेपणा होता आणि रक्तातले इस्ट्राडायॉल सामान्य मर्यादेच्या चौपट होते. दूध बंद केल्यावर दुखरेपणा गेला आणि इस्ट्राडायॉल हळूहळू पूर्वपदावर आले. पेल्याभर सोयादुधात सुमारे 25 मिलिग्रॅम आयसोफ्लेव्होन धरले तर त्यांच्या पोटात रोज पावणेतीनशेच्या पुढे जात होते. आपल्या चार पोळ्यांच्या सतरा-अठरा पट! एका माणसाची ही हकीकत नीट नोंदलेली आहे, पण तिच्यावरून व्यायामशाळेचा नियम करता येत नाही. 2021 मध्ये पुरुषांवरच्या 41 अभ्यासांचे एकत्र विश्लेषण झाले, आणि सोया प्रथिन किंवा आयसोफ्लेव्होन यांचा टेस्टोस्टेरॉन, इस्ट्राडायॉल वा इस्ट्रोन यांच्या पातळीवर परिणाम आढळला नाही.

स्त्रियांबाबत चित्र थोडे अधिक गुंतागुंतीचे आहे. पाळी चालू असलेल्या स्त्रियांच्या चाचण्यांत इस्ट्राडायॉल बदलले नाही, परंतु चक्र सरासरीने एखाद्या दिवसाने लांबल्याचे दिसले. रजोनिवृत्तीतल्या गरम झळा आयसोफ्लेव्होनने काही प्रमाणात कमी होतात. संप्रेरकांच्या गोळीइतका गुण मात्र येत नाही. स्तनाच्या कर्करोगाची भीती उंदरांमुळे पसरली. अंडाशय काढलेल्या, प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांत मानवी अर्बुदाच्या पेशी रुजवून त्यांना जेनिस्टीन दिले, तेव्हा गाठी वाढल्या. उंदीर मात्र जेनिस्टीनला आपल्याइतके बांधून ठेवत नाहीत. त्यांच्या रक्तात मोकळा भाग पुष्कळ जास्त राहतो. उलट शांघायमध्ये स्तनाचा कर्करोग झालेल्या 5042 स्त्रियांचा पाठपुरावा 2009 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि सोयापदार्थ अधिक खाणाऱ्यांत मृत्यू व रोग उलटण्याचे प्रमाण कमी दिसले. हे निरीक्षण आहे, प्रयोग नव्हे, तेव्हा सोयाबीन औषध ठरत नाही. शिवाय हे सारे पदार्थांबद्दल आहे. अर्काच्या गोळ्यांना ते लागू करू नये, कारण रोज 150 मिलिग्रॅमच्या गोळ्या पाच वर्षे घेतलेल्या स्त्रियांपैकी काहींच्या गर्भाशयाचे अस्तर जाड झाल्याची नोंद आहे. केवळ सोयादुधाच्या पावडरीवर वाढणाऱ्या तान्ह्या बाळांचा प्रश्न वजनाच्या हिशेबाने अगदी वेगळा आहे, आणि तो बालरोगतज्ज्ञांना विचारावा.

अध्यक्ष उभे राहिले आहेत, तेव्हा थायरॉईडचे दोन शब्द सांगून बसतो, कारण ते माझ्याच घरचे आहे. निरोगी माणसांच्या चाचण्यांत सोयाबीनने थायरॉईडची संप्रेरके बदलली नाहीत. थायरॉईडला कामाला लावणारे टीएसएच हे संप्रेरक मात्र किंचित वर गेले; थायरॉईडची संप्रेरके कमी पडली की ते वाढते. खरी अडचण थायरॉक्सिनची गोळी घेणाऱ्यांची आहे, कारण सोयाबीन ती गोळी आतड्यात नीट शोषू देत नाही. माझ्या पत्नीचे टीएसएच कित्येक वर्षे जागेवर होते, आणि एकाएकी ते नऊच्या पुढे गेले. डॉक्टर गोळी वाढवण्याच्या बेतात होते, तेव्हा तिनेच सांगितले की दोन महिन्यांपासून सकाळची गोळी ती पाण्याऐवजी सोयादुधाबरोबर घेते आहे. गोळी तेवढीच ठेवली, ती उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची आणि सोयादूध चार तासांनी, एवढाच बदल केला. आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासले तेव्हा टीएसएच तीनवर आले होते, आणि पोळीतले सोयाबीन तर या काळात आम्ही बंद केलेच नव्हते.