थरथर नेमकी कधी होते?

(आमच्या गावच्या वाचनालयात झालेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

मंडळी, बाहेर फळ्यावर विषय लिहिलाय ‘ऑटोमॅटिक स्कूटरचा क्लच : थरथर, आवाज आणि सरकणं’. तिन्हींवर बोलणार आहे. पण माझा सगळा जीव अडकलाय तो पहिल्यात, थरथरण्यात. कारण आपल्या या पट्ट्यात, दापोलीपासून गुहागरपर्यंत, थरथरणाऱ्या स्कूटरला सगळ्यात जास्त चुकीचे पार्ट बसतात. बेल्ट बदलतात, रोलर बदलतात, इंजिनाचे बुश बदलतात, बिल होतं आणि थरथर तशीच राहते. याचा मला मनापासून राग येतो. पार्ट बदलण्याआधी एकच प्रश्न विचारायचा असतो, तो कुणी विचारत नाही: थरथर नेमकी कधी होते?

आतली रचना तुम्हा बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. पुढे व्हेरिएटर, म्हणजे इंजिनाकडची पुली, मागे चाकाकडची पुली, मध्ये बेल्ट. मागच्या पुलीबरोबर तीन क्लच शू फिरतात. प्रत्येक शू एका पिनवर झुलतो आणि त्याला आत ओढून धरणारी एक स्प्रिंग असते. या तिघांभोवती पातेल्यासारखा पोलादी डबा असतो, ती क्लच बेल. बेल गिअरमधून चाकाला जोडलेली. रेस वाढली की शू बाहेर फेकले जातात, बेलच्या आतल्या भिंतीला घासतात, मग पकडतात आणि गाडी निघते. बस, एवढंच.

आता यातली महत्त्वाची गोष्ट बघा. शू बेलवर घासतो ते फक्त गाडी निघताना. एकदा पकड पूर्ण बसली की शू आणि बेल एका वेगाने, एकत्र फिरतात. त्यांच्यात घासणं उरतच नाही, म्हणून त्यांच्यामुळे थरथरही उरू शकत नाही. गाडी निघताना हादरली आणि ताशी वीसच्या आसपास जाता जाता शांत झाली, तर क्लचकडे बघा. चाळीसवर थरथरते? मग टायर, बेअरिंग, बेल्ट, बुश, काहीही असेल, पण शू नव्हे. ही परीक्षा फुकट आहे आणि अंगणात होते.

याचं उदाहरण सांगतो, जरा लांबेल, पण सगळा विषय त्यात आहे. खाडीपलीकडच्या एका शाळेतल्या बाई. रोज दाभोळ-धोपावे फेरीबोटीने येणं-जाणं. त्यांची स्कूटर निघताना अशी हादरायची की आरशात मागचं काही दिसायचं नाही. शहरातल्या एका वर्कशॉपने आधी बेल्ट आणि रोलर बदलले. फरक नाही. मग दुसऱ्या एकाने शू पॉलिश पेपरने घासून दिले. तेव्हा मात्र फरक पडला, आठवडाभर गाडी लोण्यासारखी चालली आणि पुन्हा होती तशी. बाई माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, “दादा, आता इंजिन उघडायला सांगतायत. उघडू का?”

मी विचारलं, “बाई, सकाळी घरून निघताना जास्त हादरते की शाळेत पोचताना?” त्या म्हणाल्या, “घरून निघताना थोडी. बोटीतून उतरून चढ चढले आणि वर कुठे थांबून परत निघाले, की फार.” म्हणजे गार असताना कमी, तापल्यावर जास्त. माझं अर्धं काम तिथेच झालं.

उरलेलं अर्धं मी जेटीवर बघितलं. आपल्या जेटीचा उतार तुम्हाला माहीतच आहे. बोट लागते, आधी मोठ्या गाड्या उतरतात, दुचाक्या रांगेत, तोंड चढाकडे. आणि मंडळी, रांगेतले कितीतरी जण ब्रेक धरतच नाहीत. हलकीशी रेस देऊन गाडी चढावर तोलून धरतात. गाडी पुढेही जात नाही, मागेही येत नाही. बाईही तेच करत होत्या. त्या वेळी आत काय चाललेलं असतं? शू बेलवर अर्धवट दाबलेले, बेल उभी, शू फिरतायत, आणि इंजिनाची जेवढी ताकद तिथे पोचते ती सगळी उष्णता होतेय. मिनिट-दोन मिनिटं हे रोज चाललं की लायनिंगचा, म्हणजे शूवरच्या घासणाऱ्या थराचा, पृष्ठभाग करपून काचेसारखा गुळगुळीत होतो. आम्ही त्याला ग्लेझ म्हणतो.

गुळगुळीत शूने गाडी नुसती घसरायला हवी, हादरते कशाला? इथे बाईंच्याच शाळेतला खडू घ्या. फळ्यावर खडू एका विशिष्ट कोनात धरला की किर्र करतो. तो अडकतो, सुटतो, पुन्हा अडकतो, सेकंदाला शेकडो वेळा. ग्लेझ झालेला शू तेच करतो. जोरात घसरताना त्याची पकड कमी, घसरणं मंदावलं की पकड एकदम वाढते, मग झटका, मग सुटका. झटके संथ असले तर हातात थरथर येते, वेगात असले तर कानाला किंचाळणं ऐकू येतं. थरथर आणि आवाज या बहुतेक वेळा एकाच दुखण्याच्या दोन तक्रारी असतात.

गाडी उघडली. डावं कव्हर काढलं, मधला नट काढला, बेल हातात आली. आतल्या भिंतीवर निळे-जांभळे डाग, म्हणजे तापल्याची सही. व्हर्नियरने आतला व्यास चार ठिकाणी मोजला. या वर्गातल्या बऱ्याच स्कूटरची बेल आतून 125 मिलिमीटर असते, आणि झीज साधारण अर्धा मिलिमीटर झाली की ती बदलायची. नेमका आकडा आपापल्या मॉडेलच्या मॅन्युअलात बघा. बाईंची बेल चारही बाजूंनी सारखी निघाली. डाग होते, पण ती वाकडी झाली नव्हती. वाकडी असती तर नवीनच घालावी लागली असती, घासून वाकडेपणा जात नाही.

मग शू बघितले. दोन शू अख्ख्या तोंडभर चमकत होते. तिसरा फक्त एका टोकाला. बोटाने प्रत्येक शू बाहेर ढकलून सोडला. दोन टपकन आत आले, तिसरा अडखळत, सावकाश आला. त्याची पिन गंजली होती. दर पावसाळ्यात खारा दमट वारा त्या कव्हरच्या हवेच्या वाटेने आत जातोच. म्हणजे गाडी निघताना दोन शू पकडायचे आणि तिसरा मागाहून, मनाला येईल तेव्हा. आधीच्या कारागिराने तिघांचे चेहरे साफ केले, पिनेला हात लावला नाही. म्हणून आठवडा.

काम असं झालं. क्लिपा काढून शू सोडवले, पिना बारीक पॉलिश पेपरने चकचकीत केल्या, आणि उष्णता सोसणारं ग्रीस काडीच्या टोकावर मावेल एवढंच लावलं. इथे हात आखडता हवा. जास्तीचं ग्रीस फिरताना उडतं आणि लायनिंगवर बसलं की शू गेलाच. शूंची चमक 80 नंबरच्या पेपरने सरसकट मोडली, बेल आतून 120 ने तिरकी-तिरकी घासली, ब्रेक क्लीनरने पुसली. ती काळी धूळ तोंडाने फुंकू नका हो! ओल्या फडक्याने टिपा. फुंकणारी मुलं मी गॅरेजात रोज बघतो आणि जीव तुटतो. आणखी एक, क्लचचा मोठा नट घरी उघडू नका. त्याच्या मागे दाबलेली जाड स्प्रिंग असते, ती तोंडावर येते. एवढ्या कामाला तो उघडावा लागतही नाही.

आणि बाईंना सांगितलं, जेटीवर ब्रेक धरा, रेस पूर्ण सोडा, रांग हलली की ठामपणे रेस देऊन निघा. इंजिन उघडावं लागलं नाही. त्यानंतर दोन पावसाळे गेले.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलंय. सरकण्याचं, म्हणजे रेस न देता गाडी आपोआप पुढे जाण्याचं राहिलं, आणि धोका खरा तिथे आहे, म्हणून भरभर सांगतो.

शू बाहेर फेकणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. इंजिन स्लोवर, म्हणजे रेस पूर्ण सोडलेली असताना, मिनिटाला साधारण 1700 फेऱ्यांवर असतं आणि क्लच 3000 च्या आसपास पकडतो असं धरा. मग पकडताना जोर स्लोच्या तिप्पट असतो, तेवढा फरक स्प्रिंगांना पुरतो. कुणी स्लो वाढवून 2400 केला, तर जोर लगेच दुप्पट. त्यात स्प्रिंग जुन्या, ढिल्या असल्या की शू उभ्या गाडीतच बेलला टेकतात. म्हणून सरकणाऱ्या गाडीचा आधी स्लो बघा. कार्ब्युरेटर असेल तर स्क्रूने कमी होतो. इंजेक्शनची गाडी असेल, म्हणजे 2020 नंतरच्या जवळजवळ सगळ्या, तर स्लो का वाढला ते आधी शोधावं लागतं. स्लो बरोबर असूनही सरकते? मग स्प्रिंग तुटलीय किंवा शू पिनेवर बाहेरच अडकलाय.

परीक्षा: गाडी मेन स्टँडवर, इंजिन गरम, रेस सोडलेली. मागचं चाक हळू फिरतंय? घाबरू नका, आतल्या बेअरिंगच्या ओढीनेही ते फिरतं. मागचा ब्रेक हलका दाबा. चाक थांबलं आणि इंजिनाचा आवाज तसाच राहिला तर ठीक. आवाज खाली बसला, इंजिन गुदमरलं, तर क्लच सुटत नाहीये. ती गाडी रस्त्यावर नेऊ नका.

चाकरमान्यांसाठी खास. शिमग्याला आलेली गाडी ताडपत्रीखाली ठेवून तुम्ही मुंबईला जाता आणि गणपतीला येऊन थेट स्टार्टर दाबता. अख्खा पाऊस मध्ये गेलेला असतो. बेलची आतली भिंत गंजते आणि कधी कधी शू तिला चिकटून बसतात. इंजिन सुरू झालं की गाडी उडी मारते. म्हणून पहिला स्टार्ट कायम मेन स्टँडवर, मागचा ब्रेक दाबून. नुसता खरखर आवाज आला आणि दोन-चार किलोमीटरमध्ये गेला, तर तो वरवरचा गंज होता, गॅरेजात यायची गरज नाही.

शू कधी बदलायचे? लायनिंग 2 मिलिमीटरच्या खाली गेलं की, पुष्कळ मॅन्युअलात हीच मर्यादा आहे. तीनही एकत्र, स्प्रिंगांसकट. एकच नवा शू घातला तर तो बाकी दोघांच्या आधी पकडतो आणि थरथर आपण स्वतः विकत आणतो. पिकअप वाढेल म्हणून कडक स्प्रिंग घालायला सांगणारे भेटतील. क्लच उशिरा पकडेल, जास्त फेऱ्यांवर घासेल, आणि आपल्या चढांवर बेल अजून लवकर निळी होईल.

प्रश्न बाहेरच घेऊ या. पटांगणात स्कूटर लावल्या आहेत ना, मेन स्टँडवर चढवा, एकेकीचा ब्रेक दाबून बघतो.