कानाला किती, कमरेला किती

(दृश्य: रत्नागिरीतलं घर, मे महिन्यातली दुपार. चटईवर मांडलेले दागिने, शेजारी स्वयंपाकघरातला वजनकाटा.)

आज संध्याकाळी या मुलीचं अरंगेत्रम. भरतनाट्यमचा तिचा पहिला पूर्ण कार्यक्रम, दोनेक तासांचा. त्यातलं वर्णम हे एकच नृत्य अर्धा-पाऊण तास चालतं, आणि तेवढ्या वेळात सरकलेला दागिना सावरायला हात मोकळा नसतो. म्हणून ताईंनी साडी नेसवायच्या आधी वजनकाटा काढलाय.

कमरपट्टा १८० ग्रॅम. एक झुमका, वरच्या फुलासकट, २२ ग्रॅम. आकडे पाहून वाटेल, त्रास पट्ट्याचा होणार. पण पट्ट्याचं वजन कमरेभर पसरतं. झुमक्याचं सगळं ओझं पाळीतल्या एका भोकावर येतं, आणि तो लोंबताही असतो. चवड्यावर उडी घेऊन टाचा आपटायचा अडवू, म्हणजे ठरावीक पदन्यास, आला, की प्रत्येक टाचेबरोबर पाळीला हिसका बसतो.

यावरचा उपाय जुन्या घडणीतच आहे. झुमक्यापासून कानावरून केसात जाणारी साखळी, म्हणजे वेल. ती शोभेची वाटते, पण काम करते ओझं उचलायचं. लांबी मात्र नेमकी हवी. सैल राहिली तर नुसती दिसते. आखूड पडली तर कानच वर ओढते.

(दृश्य: आरसा. ताई मागे उभ्या.)

“मान दोन्हीकडे ने. आता उडी मार.”
“ताई, डावा ओढतोय.”

डाव्या पाळीचं भोक उभं, चिरेसारखं लांबलंय. उजवं गोल आहे. म्हणजे डावी वेल भार घेत नाहीये. ताई वेलीचा आकडा केसात बोटभर वर नेतात, दोन पिना एकमेकींवर आडव्या अडकवतात. भोक गोल होतं.

कपाळावरच्या बिंदीचं उलटं. ती हलकी, पण दोरीने मागे बांधतात. घसरेल या भीतीने बहुतेक जणी दोरी आवळतात, आणि तासाभरात डोकं ठणकायला लागतं. ताई दोरी सैलच ठेवतात आणि भांगातली साखळी ठिकठिकाणी पिनांनी धरतात. उजवीकडे सूर्य, डावीकडे चंद्र, त्यांनाही स्वतंत्र पिना. कपाळावरचं पदक गोंदाने चिकटवतात, तेही घाम पुसून, कातडी कोरडी झाल्यावर. आपल्याकडच्या दमट हवेत ओल्या कपाळावर लावलेला गोंद पहिल्या नृत्यातच सुटतो.

आणि कमरपट्टा? तो उभ्याने बांधायचा नाही. अरमंडीत, गुडघे बाहेर वळवून अर्धं बसून, पोटभर श्वास घेऊन बांधायचा. उभ्याने छान बसलेला पट्टा खाली बसताच बरगडीला टोचतो. कड्यांनी जोडलेला, वाकणारा पट्टा अखंड पत्र्याच्या पट्ट्यापेक्षा केव्हाही बरा, मग तो थोडा जड का असेना.

(दृश्य: एका नगाची मागची बाजू, जवळून.)

हे दागिने मूळचे दक्षिणेतले. कन्याकुमारी जिल्ह्यात नागरकोविलमधल्या वडसेरीला आजही ते हाताने घडवतात: चांदीची घडण, लाल-हिरवे खडे, कडांवर सोन्याचा वर्ख. ते महाग पडतात. आपल्या मुली वापरतात ते बहुतेक तांब्या-पितळेचे, सोन्याचा मुलामा दिलेले, काचेच्या खड्यांचे. त्यात वाईट काही नाही, फक्त विकत घेताना नग उलटून पाहावा. कोंदणाची धार मागच्या बाजूला बोटाला लागत असेल तर ती मानेलाही लागणारच. तिथे सुती अस्तर शिवून घ्यावं. कानातल्याची दांडी शक्यतो चांदीची करून घ्यावी. मुलाम्याखाली पुष्कळदा निकेल असतं आणि काहींच्या पाळीला त्याने खाज सुटते, लाल चट्टा उठतो. दांडीला रंगहीन नेलपॉलिश लावतात खरं, पण घामाने ते सोलतं.

खरी परीक्षा कार्यक्रमानंतरची. घामात मीठ, किनाऱ्यावरच्या हवेतही मीठ. खड्याखाली चमकीसाठी वर्ख असतो. तिथे ओल शिरली की खडा आतून काळवंडतो आणि तो बाहेरून घासून उजळत नाही. म्हणून दागिने उतरवले की आधी कोरड्या मऊ सुती कापडाने पुसायचे, मग रात्रभर पंख्याखाली ठेवायचे. डबा दुसऱ्या दिवशी बंद करायचा. प्रत्येक नग वेगळ्या पिशवीत, सोबत ओल शोषणारी पुडी. मखमली डबा दिसतो सुरेख, पण पावसाळ्यात तोच ओल धरून बसतो.

घरातली आजी म्हणतेच, “आमसुलाने घास गो, लख्ख होईल.” तांब्याच्या कळशीला ते खरं आहे, आंबटपणा वरचा काळा थर खातो. इथे मात्र त्या घासण्याने मुलाम्याचा पातळ थरच निघून जातो आणि खालचं पितळ उघडं पडतं. मग पुन्हा मुलामा द्यावा लागतो. त्यासाठी चिकटवलेले खडे आधी काढावे लागतात, म्हणून झुमक्यासारख्या लहान नगांना तो खटाटोप परवडत नाही.