अनोळखी खरेदीदार आणि आपला पहिला मेल

श्रोतेहो, नमस्कार. माल चांगला आहे, तो परदेशात विकायचाय, पण तिथे ओळखीचं कुणी नाही. अशा छोट्या निर्यातदाराकडे दोन वाटा असतात, पोर्टल आणि थेट ईमेल. आज त्यांबद्दल बोलू.

पोर्टलचं आधी उरकते. अलिबाबासारख्या पोर्टलवर एखाद्याने मागणी टाकली, की थोड्याच वेळात त्याच्याकडे दरपत्रकांचा ढीग जमतो. नुसता दर पाठवला, तर आपणही त्या ढिगात जातो. विक्रेत्याच्या नावापुढचा ‘पडताळलेला’ हा बिल्ला साधारणपणे कंपनीची कागदपत्रं तपासल्याचं सांगतो, मालाबद्दल नाही. मला पोर्टल आवडतं ते वाचायला. लोक नेमकं काय मागतात, कुठल्या शब्दांत मागतात, हे तिथे फुकट कळतं.

आता ज्याच्यासाठी मी आज आलेय, तो किस्सा. माझ्या ओळखीच्या एक बाई रंगकामाचे ब्रश बनवतात. आधी त्या एकच मेल शेकडो पत्त्यांवर धाडायच्या. उत्तर शून्य. मग त्यांनी पद्धत बदलली. कस्टममध्ये प्रत्येक प्रकारच्या मालाला एक क्रमांक असतो, तो एचएस कोड. त्याचे पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात आणि रंगाच्या ब्रशचा कोड आहे ९६०३.४०. जिनिव्हाच्या इंटरनॅशनल ट्रेड सेंटरचं ‘ट्रेड मॅप’ नावाचं संकेतस्थळ आहे. तिथे हा कोड टाकून कोणता देश हा माल किती मागवतो आणि कुठून मागवतो, ते त्यांनी पाहिलं. एक देश निवडला, तिथल्या वितरकांचे कॅटलॉग उघडले आणि चक्क ब्रशची पानं वाचत बसल्या.

एका कॅटलॉगमध्ये सरळ टोकाचे सगळे ब्रश होते, पण खिडकीची चौकट रंगवायला लागतो तो तिरक्या टोकाचा दोन इंची ब्रश नव्हता. बाईंनी एवढंच लिहिलं: “तुमच्या यादीत हा ब्रश दिसला नाही. आम्ही तो सिंथेटिक केसांत बनवतो. डुकराच्या केसांचे ब्रश आम्ही बनवत नाही. कमीत कमी दोन हजार नग घ्यावे लागतील. नमुना पाठवू का?” खाली कंपनीचं नाव, नोंदणी क्रमांक, कारखान्याचा पत्ता, फोन. मेलचा पत्ता कंपनीच्या स्वतःच्या डोमेनचा, फुकटातल्या मेलचा नाही.

(मेलच्या तळाशी सुविचार लिहिणाऱ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, नका लिहू. सूर्योदयाचं चित्र तर मुळीच नको. असो.)

उत्तर आलं. त्या माणसाला पटलं होतं ते ‘बनवत नाही’ हे वाक्य. सगळंच बनवतो म्हणणारे त्याला रोज भेटत होते. त्याने नमुने मागवले, केस गळतात का पाहिलं, पत्र्याची पट्टी हलते का पाहिलं. एक नमुना दोघांनी सही करून आपापल्याकडे ठेवला, म्हणजे पुढे वाद झाला तर माल त्याच्याशी ताडता येईल. ठरलं असं, की तीस टक्के आगाऊ आणि बाकीचे माल जहाजावर चढल्यावर, बिल ऑफ लेडिंगची, म्हणजे जहाज कंपनीने माल मिळाल्याच्या दिलेल्या कागदाची, प्रत पाहून.

खरी गोष्ट पुढेच आहे. माल निघाला आणि खरेदीदाराला मेल गेला: “आमचं बँक खातं बदललंय, उरलेली रक्कम नव्या खात्यात भरा.” नाव बाईंचं, लोगो त्यांचा, आधीचा पत्रव्यवहारही खाली जोडलेला. फक्त पत्त्यातलं एक अक्षर वेगळं. कुणीतरी दोघांचे मेल वाचत होतं! पण बाईंच्या अगदी पहिल्या इनव्हॉइसवर एक ओळ होती: “आमचं खातं मेलवरून कधीही बदलत नाही. तसा मेल आला तर आधी याच नंबरवर फोन करा.” त्याने त्या मेलमधल्या नंबरवर नाही, जुन्या इनव्हॉइसवरच्या नंबरवर फोन केला. पैसे वाचले. पुढच्या ऑर्डरमध्ये त्याने आणखी दोन मापं मागितली.

पुन्हा सांगते, नंबर जुन्या कागदावरचा. आलेल्या मेलमधल्या नंबरवर फोन केला, तर पलीकडे चोरच बोलणार.

आता थोडी तांत्रिक बाजू. मेल खरंच आपल्याच डोमेनवरून आलाय हे पलीकडे तपासता यावं, म्हणून डोमेनला एसपीएफ आणि डीकेआयएम या नोंदी लावून घ्या, नाहीतर चांगला मेलही स्पॅममध्ये पडतो. त्यांच्या जोडीला डीमार्क ही नोंद लावलीत तर तुमचंच डोमेन वापरून खोटा मेल पाठवणं अवघड होतं. पण एक अक्षर बदललेल्या डोमेनला डीमार्क अडवत नाही, तिथे फोनच लागतो. पहिल्या मेलला जड कॅटलॉग जोडू नका, एक फोटो पुरे. उत्तर नाही आलं तर आठवड्याने एकदा आठवण द्या, त्यात काही नवीन सांगा, मग थांबा. काही देशांत न विचारता व्यापारी मेल पाठवण्यावर कायद्याने बंधनं आहेत, ती आधी पाहून घ्या.

आणि आजच आपल्या इनव्हॉइसचा नमुना उघडा. बँक खात्याच्या खाली ती ओळ आहे का, बघा.