दोर बांधायचा कुठे? उंच इमारतींचं रंगकाम आणि गच्चीवरची तयारी

(दृश्य: ठाण्यातल्या १३ मजली सोसायटीची गच्ची, सकाळचे आठ. टाकीच्या सावलीत दोरांची वेटोळी.)

पावसाळा संपला की मुंबई, ठाणे, पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये रंगकामं निघतात. चार मजल्यांच्या इमारतीला बांबूची परांची पुरते. १३ मजल्यांना ती परवडत नाही, मग कामगार वरून खाली येतो. सलग भिंत रंगवायची असेल तर दोन पोलादी दोरांवर चालणारा मोटारचा झुला लावतात, त्याला साइटवर गोंडोला म्हणतात. काचा पुसायच्या असतील, किंवा डक्टसारख्या अरुंद जागेत हात पोचवायचा असेल, तर माणूस हार्नेस घालून थेट दोरावर उतरतो. हा रोप अ‍ॅक्सेस.

खाली उभं राहून बघणाऱ्याला माणूस आणि दोर दिसतो. दोराचं वरचं टोक कशाला बांधलंय, ते मात्र गच्चीवर गेल्याशिवाय कळत नाही. म्हणून आपण आधी गच्चीवर जाऊ.

(दृश्य: कठड्यावरून हळूहळू फिरणारा कॅमेरा.)

हा कठडा. हाताला घट्ट लागतो, पण बऱ्याच इमारतींत तो साडेचार इंची विटांचा असतो आणि त्याच्या आत स्लॅबला जोडणारी सळई नसते. दोराची ओढ जर त्याच्या माथ्याशी आडवी आली, तर पूर्ण उंचीची तरफ मिळून भिंत बुडाशी उलथते. सोलर पॅनलचे स्टँड, डिशचा खांब, पाण्याचे पाइप, कठड्यावरचं रेलिंग, यांपैकी काहीही माणसाच्या वजनासाठी बसवलेलं नाही. घाईच्या साइटवर दोर नेमका यांनाच बांधलेला सापडतो, कारण ते काठाच्या जवळ असतात आणि दोर कमी लागतो.

भरवसा ठेवायचा तो पाण्याच्या टाकीच्या किंवा लिफ्टच्या खोलीच्या आरसीसी कॉलमवर. तोही बघून घ्यायचा. हातोडीनं ठोकल्यावर आवाज पोकळ आला, किंवा उभ्या रेषेत तडा जाऊन गंजाचा डाग उतरलेला दिसला, तर आतल्या सळया फुगून काँक्रीट सुटत चाललंय. तो कॉलम सोडून द्यायचा.

जुन्या गच्च्यांवर स्लॅबमधून वर आलेल्या लोखंडी कड्याही असतात. मागच्या रंगकामाला हीच वापरली होती, असं सांगितलं जातं. ही कडी बघा. वरचा भाग जाड, नुकताच ऑइलपेंट मारलेला. पण जिथे ती कोब्यात शिरते तिथे पाणी साचतं. रंगाचा पापुद्रा खरवडला की गंजाची पानं सुटून येतात, आणि कॅलिपर लावला की कळतं, १६ मिलिमीटरची सळई गळ्याशी १२ वर आली आहे. जाडी पाव भागानं कमी झाली, पण सळईची ताकद तिच्या छेदाच्या क्षेत्रफळावर ठरते, आणि ते ४४ टक्क्यांनी घटलंय. ही कडी बाद. वेल्डिंग करून ती दुरुस्त होत नाही, कारण जो भाग दिसत नाही त्याची अवस्था कोणालाच माहीत नसते.

जवळ योग्य कॉलम नसेल तर स्लॅबमध्ये किंवा आरसीसी बीममध्ये केमिकल अँकर, म्हणजे भोकात रेझिननं चिकटवलेली लोखंडी खुंटी, बसवतात. दोरावरच्या कामासाठी अँकरची ताकद किमान १५ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानानं दीड टन धरतात. मुख्य दोर तुटला आणि कामगार बॅकअप दोरावर आदळला, तर तो झटका ६ किलोन्यूटनच्या आत राहावा अशी साधनांची रचना असते. त्याच्या अडीच पट म्हणजे १५.

केमिकल अँकरमध्ये घोटाळा होतो तो भोक साफ न केल्यामुळे. ड्रिलनंतर भोकात सिमेंटची पूड राहते. ब्रश आणि हवेचा पंप आळीपाळीनं मारून ती काढली नाही, तर रेझिन काँक्रीटला न चिकटता त्या पुडीला चिकटतं. वरून काहीच कळत नाही. दुसरी चूक म्हणजे भोक कोब्यातच संपणं. कोबा पाच-सहा इंची असला तर अँकर स्लॅबपर्यंत पोचतच नाही. म्हणून आधी कोब्याची जाडी मोजतात.

(दृश्य: अँकरवर बसवलेला हातानं चालवायचा पुल टेस्टर, काट्याचा क्लोजअप.)

रेझिन पूर्ण सुकलं की पुल टेस्ट. अँकर ६ किलोन्यूटनपर्यंत सरळ वर ओढायचा आणि किमान १५ सेकंद तसाच धरायचा. काटा खाली सरकला, अँकर किंचितही उठला किंवा भोवती केसाएवढी भेग दिसली, तर तो नापास. या चाचणीत अँकरची कमाल ताकद कळत नाही, तो नीट बसलाय की नाही एवढंच कळतं. जास्त ओढून बघितला तर चांगला अँकरही दुखावतो. पास झालेल्या अँकरला क्रमांक आणि तारखेची चकती लावायची, आणि वर्षभरात पुन्हा तपासायचं. सोसायटीच्या कमिटीनं कंत्राटदाराकडून ही नोंदवही मागून घ्यावी. रंगाच्या शेडकार्डावर जेवढी चर्चा होते, त्याच्या निम्मी जरी या वहीवर झाली तरी पुष्कळ.

प्रत्येक माणसाला दोन दोर लागतात, एक कामाचा आणि एक बॅकअपचा, आणि दोन्हींचे अँकर वेगळे. पण दोन्ही दोर कठड्याच्या एकाच धारदार कडप्प्यावरून गेले, तर वेगळ्या अँकरचा उपयोग उरत नाही. प्रत्येक दोराखाली स्वतंत्र पॅड हवा, आणि तो पॅड दोराला न अडकवता वेगळ्या सुतळीनं मागे बांधायचा, म्हणजे दोर सरकला तरी तो जागेवर राहतो. काचा किंवा टाइल्स धुवायला अ‍ॅसिड वापरणार असाल, तर नायलॉनच्या दोराला ते बाधतं. दोर दिसायला धड राहतो, आतून कमकुवत झालेला असतो. अ‍ॅसिड लागल्याचा संशय आला तरी तो दोर कापून टाकायचा.

(दृश्य: गोंडोलाचे दोन बीम, मागे रचलेली वजनं.)

आता गोंडोला. त्याचे दोन बीम कठड्यापलीकडे डोकावतात आणि मागच्या टोकाला वजनं ठेवून तोल साधतात. नेहमीच्या गोंडोलाच्या एका मोटारीची क्षमता ६३० किलो असते. हिशेब करताना बरेच जण दोन माणसं, रंगाचे डबे आणि झुल्याचं वजन मिळवून त्याचं अर्धं करतात. इथेच चुकतं. झुला वर येताना छज्ज्याखाली अडकला तर मोटार थांबत नाही, ती आपल्या पूर्ण ताकदीनं ओढत राहते. बीमवर तेव्हा माणसांचं वजन न राहता मोटारीची ओढ येते. म्हणून प्रत्येक बाजूला पूर्ण ६३० धरायचे.

या इमारतीवर बीम पुढच्या टेकूपासून दीड मीटर बाहेर आहे. ६३० गुणिले १.५, म्हणजे उलथवणारा जोर ९४५. मागे प्रत्येक बीमवर २५ किलोची २० वजनं, म्हणजे ५०० किलो, आणि दोन टेकूंमधलं अंतर ४.६ मीटर. ५०० गुणिले ४.६, म्हणजे रोखणारा जोर २३००. रोखणारा जोर उलथवणाऱ्याच्या किमान तिप्पट हवा. इथे तो अडीचपटीलाही पोचत नाही. बीम आत ओढून बाहेरचं अंतर १.२ मीटर केलं, तर उलथवणारा जोर ७५६ होतो आणि तिप्पट जेमतेम जमते. पण छज्जे रुंद आहेत म्हणून बीम २ मीटर बाहेर काढावाच लागला, तर प्रत्येक बाजूला ८२२ किलो लागतात, म्हणजे ३३ वजनं. बीमला तेवढं बाहेर काढायची परवानगी उत्पादकानं दिली आहे का, तेही बघायचं. पूर्ण ओढ आली की पुढच्या टेकूखाली स्लॅबवर ९०० किलोंचा भार एका जागी येतो. त्यामुळे खाली जाड फळी हवी, आणि तो भार तिथे चालेल का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरनं सांगायचं.

गच्चीवर टाकी आडवी आली की मागचं अंतर ४.६ वरून ३ मीटरवर येतं. मग १.२ मीटरलाही ७५६ किलो लागतात. वजनंही तोलून घ्यायची. प्लॅस्टिकच्या खोक्यात सिमेंट भरलेली वजनं फुटतात आणि हलकी होतात. सगळी वजनं सळई घालून कुलूपबंद करायची, कारण गच्चीवरून एखादं वजन दाराला अडसर म्हणून उचललं जातं आणि कोणाला पत्ता लागत नाही.

रोज सकाळी झुला जमिनीपासून मीटरभर उचलून एक बाजू मुद्दाम खाली करतात. बहुतेक गोंडोलांत ३ ते ८ अंश कलल्यावर सेफ्टी लॉकनं कामाच्या दोराशेजारचा सुरक्षेचा पोलादी दोर पकडलाच पाहिजे. रंगकामाच्या साइटवर हे लॉक बिघडायचं नेहमीचं कारण म्हणजे पोलादी दोरावर सुकलेला रंग आणि पुट्टी. झुल्यातल्या माणसांचे हार्नेस गोंडोलाच्या बीमशी संबंध नसलेल्या वेगळ्या दोराला अडकवायचे. वारा ताशी ३० किलोमीटरच्या आसपास गेला की काम थांबतं. समुद्राजवळ उन्हाळ्यात दुपारनंतर ते बरेचदा होतं.

(दृश्य: पाचव्या मजल्यासमोर दोरावर निश्चल लटकलेला कामगार. तालीम चालू आहे.)

मे महिन्याचं ऊन, पाचव्या मजल्यावर दोरावरचा माणूस बेशुद्ध झाला. हार्नेसमध्ये निश्चल लटकलं की पायांतलं रक्त वर येत नाही आणि काही मिनिटांत जिवावर बेतू शकतं. अग्निशमन दलाला फोन करायचाच, पण त्यांच्या भरवशावर राहून चालत नाही. गेटपासून इथपर्यंत गाड्या लागल्या आहेत आणि मागच्या बाजूला पोडियम आहे.

म्हणून सोय सकाळीच करून ठेवलेली असते. या साइटवर दोर अँकरला गाठ मारून बांधलेले नाहीत. दोन्ही दोर अँकरला लावलेल्या डिसेंडरमधून, म्हणजे दोर हळूहळू सोडता येणाऱ्या साधनातून, नेऊन कुलूप केलेत, आणि मागे प्रत्येकी ४० मीटर जादा दोर पडून आहे, म्हणजे इमारतीच्या उंचीएवढा. माणूस कुठल्याही मजल्यावर अडकला तरी गच्चीवरचे दोघं दोन्ही दोर एकदम सोडत त्याला जमिनीवर आणू शकतात. कोणाला बाहेर लटकावं लागत नाही.

क्रम ठरलेला आहे. खालचा माणूस शिट्टी देतो, १०८ ला फोन करतो, गेट उघडायला लावतो. वरचे दोघं वाकून बघतात, खाली वाटेत एसीचं युनिट किंवा ग्रिल आहे का. वाट मोकळी असेल तर सोडायला सुरुवात. अडथळा असेल तर तिसरा प्रशिक्षित माणूस वेगळ्या अँकरवर आधीच लावलेल्या दोरांवरून उतरतो आणि त्याला बाजूला ओढून धरतो. माणूस शुद्धीवर असेल तर त्याला पाय हलवत राहायला सांगतात, पट्ट्याचा फास करून त्यात उभं राहायला लावतात.

जमिनीवर आणल्यावर त्याला आडवं झोपवायचं आणि श्वास तपासायचा. पूर्वी अशा माणसाला बसवून ठेवा असं शिकवायचे. २००९ साली ब्रिटनच्या एचएसई या कामगार-सुरक्षेच्या सरकारी संस्थेनं केलेल्या आढाव्यात त्याला आधार सापडला नाही, तेव्हापासून नेहमीचा प्रथमोपचार करतात.

गोंडोला बंद पडला तर वेगळं. फक्त वीज गेली असेल तर दोन्ही मोटारींच्या ब्रेकचे दांडे एकदम उचलून झुला हळूहळू खाली येतो. पण दोर तुटून झुला सेफ्टी लॉकवर तिरका लटकला असेल, तर कुठल्याही बटणाला हात लावायचा नाही. माणसांना आपापल्या दोरावर राहू द्यायचं आणि जवळच्या खिडकीतून किंवा गच्चीवरून बाहेर काढायचं.

तालमीत शिट्टीपासून जमिनीपर्यंतचा वेळ घड्याळ लावून मोजतात. १० मिनिटांच्या वर गेला तर त्या दिवशी काम सुरू होत नाही. बहुतेक वेळा उशीर होतो तो गच्चीच्या दाराच्या किल्लीमुळे. ती वॉचमनकडे असते आणि वॉचमन गेटवर. त्यामुळे काम चालू असेपर्यंत गच्चीचं कुलूप काढून मुकादमाच्या खिशात.