वजाबाकीवर तोललेली बेरीज

(फोंडा येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, समोर पेडण्यापासून काणकोणापर्यंतचे बी.एस्सी.चे विद्यार्थी बसले आहेत, काही शिक्षकही आहेत. त्यामुळे अनंत श्रेढी म्हणजे काय, इथून सुरुवात करत नाही. चांगल्या तयारीच्या मुलांचाही हात जिथे घसरतो, त्या जागेकडे मला जायचं आहे. वाटेत थोडी उजळणी होईल.

एकाआड एक चिन्ह बदलणारी ही श्रेढी घ्या: Σ (−1)ⁿ/nᵖ. तिचं काय होणार हे सगळं p वर ठरतं. p शून्य किंवा ऋण असेल तर पदं शून्याकडे जातच नाहीत, म्हणजे श्रेढी अपसारी. तिथे दुसरी कुठलीही कसोटी लावत बसू नका. p एकाहून मोठा असेल तर चिन्हं पुसून टाकली तरी Σ 1/nᵖ ही बेरीज मर्यादित राहते, म्हणून ती निरपेक्ष अभिसारी. उरला मधला पट्टा, 0 < p ≤ 1. इथे चिन्हं पुसली की बेरीज अनंताकडे जाते. चिन्हं ठेवली तर मात्र पदांचं मूल्य सतत घटत शून्याकडे जातं, म्हणून लायब्निझची कसोटी लागू पडते आणि श्रेढी अभिसारी ठरते. ही सशर्त अभिसारी.

हा मधला पट्टा वेगळा ठेवण्याचं कारण डिरिश्ले यांनी १८३७ मध्ये दाखवून दिलं. 1 − 1/√2 + 1/√3 − 1/√4 + … ही श्रेढी अभिसारी आहे. आता हीच पदं, एकही न गाळता, दोन धन आणि मग एक ऋण अशा क्रमाने मांडा: 1 + 1/√3 − 1/√2 + 1/√5 + 1/√7 − 1/√4 + … ही अपसारी! निरपेक्ष अभिसारी श्रेढीत क्रम कसाही बदला, बेरीज तीच राहते. सशर्त अभिसारी श्रेढीची बेरीज मात्र धन आणि ऋण पदं एकमेकांना किती नेमकी खोडतात यावर टिकून असते, आणि त्या खोडण्यात जरा फरक पडला की सगळंच बदलतं.

आता मुख्य उदाहरण. फळ्यावर लिहितो:

Σ (−1)ⁿ/(√n + (−1)ⁿ), n = 2 पासून पुढे.

पेपरात याचं उत्तर ठरलेलं येतं. छेदातला 1 क्षुल्लक आहे, √n खूप मोठं होतं, म्हणून (−1)ⁿ/√n शी तुलना करा. दोन्ही पदांचं गुणोत्तर 1 कडे जातं. दुसरी श्रेढी सशर्त अभिसारी, म्हणून पहिलीही. गुणोत्तराचा हिशेब अगदी बरोबर आहे. n = 10000 ला ते 0.990 येतं, n = 10001 ला 1.010. तरीही निष्कर्ष साफ चूक आहे.

का चूक, ते दोन लगतची पदं घेऊन बघू. (−1)ⁿ/√n या मूळ श्रेढीत n = 100 ला पद आहे +1/10, म्हणजे 0.1, आणि n = 101 ला −0.0995. जोडीची बेरीज सुमारे +0.0005, जवळपास काहीच नाही. आपल्या बदललेल्या श्रेढीत n = 100 ला येतं 1/11, म्हणजे 0.0909. n = 101 ला छेद 10.05 मधून 1 वजा, म्हणजे 9.05, म्हणून पद −0.1105. जोडीची बेरीज −0.0196. हे −2/101 च्या अगदी जवळ आहे, आणि प्रत्येक जोडीत असंच होतं. सम n ला धन पद थोडं कमी पडतं, विषम n ला ऋण पद थोडं जास्त होतं, आणि दोन्ही चुका एकाच बाजूला झुकतात. खाजनातल्या मानशीतून भरतीला जेवढं पाणी आत येतं त्याहून ओहोटीला थोडं जास्त बाहेर जात राहिलं, तर लाटा कितीही लहान होत गेल्या तरी पाणी उतरतच जाणार.

किती उतरतं हे मोजायला एक साधी वजाबाकी पुरते. मूळ पदातून बदललेलं पद वजा करा:

(−1)ⁿ/√n − (−1)ⁿ/(√n + (−1)ⁿ) = 1/(n + (−1)ⁿ√n)

उजवीकडे बघा, चिन्ह गेलं! (−1)ⁿ ला (−1)ⁿ ने गुणलं की 1 येतो, म्हणून हा फरक प्रत्येक n ला धन आहे. तो 1/n सारखा वागतो, आणि इथे सगळी पदं धन असल्यामुळे गुणोत्तराची तुलना चालते. Σ 1/n अपसारी, म्हणून फरकांची श्रेढी अपसारी. अभिसारी श्रेढीतून अपसारी श्रेढी वजा केली की उरते ती अपसारीच.

दोन श्रेढींच्या पदांचं गुणोत्तर घेऊन तुलना करण्याची ही कसोटी धन पदांच्या श्रेढीसाठीच सिद्ध केलेली असते. तिची सिद्धता उघडून बघा, पदं असमानतेत दाबून धरलेली दिसतील. चिन्हं बदलत असतील तर ते दाबणं चालत नाही. तिथे गुणोत्तर सोडा आणि फरक पाहा.

संगणकावर करून बघणाऱ्यांसाठी एक सूचना. ही श्रेढी −∞ कडे जाते, पण लॉगच्या गतीने. दहा लाख पदांवरून एक कोटी पदांवर गेलात तरी बेरीज फक्त 2.3 ने उतरते. पडद्यावर आकडे जवळजवळ थांबल्यासारखे दिसतात, आणि त्यावरून ‘अभिसारी’ लिहायचा मोह होतो. तो आवरा.

आता √n च्या जागी nᵖ ठेवा: Σ (−1)ⁿ/(nᵖ + (−1)ⁿ). तीच वजाबाकी केली तर फरक येतो 1/(nᵖ(nᵖ + (−1)ⁿ)), म्हणजे 1/n²ᵖ सारखा. तो अभिसारी ठरायला 2p > 1 हवं. म्हणून p > 1 ला निरपेक्ष अभिसारी, 1/2 < p ≤ 1 ला सशर्त अभिसारी, आणि p ≤ 1/2 ला अपसारी (p शून्य किंवा ऋण असेल तर पदं शून्याकडे जातच नाहीत, किंवा पदच अर्थहीन होतं). साध्या श्रेढीत 0 ते 1 हा एकच पट्टा होता, इथे तो बरोबर मध्यावर चिरला गेला. p = 0.51 ला श्रेढी टिकते, p = 0.5 ला टिकत नाही. लायब्निझची कसोटी यातला फरक सांगूच शकत नाही, कारण 0 < p ≤ 1 मध्ये कुठेही पदं ओळीने घटत नाहीत.

आणि त्यावरूनच उलटी चूक होते. p = 1 घ्या. श्रेढी अशी: 1/3 − 1/2 + 1/5 − 1/4 + 1/7 − 1/6 + … मूल्यं घटत नाहीत, आधी वाढतात, मग घटतात, मग पुन्हा वाढतात. ‘लायब्निझची अट पाळली जात नाही, म्हणून अपसारी’ असं लिहून काही जण मोकळे होतात. पण अट पुरेशी आहे, आवश्यक नाही. नीट बघा, ही तर आपली ओळखीची 1 − 1/2 + 1/3 − 1/4 + … आहे, पहिला 1 काढून आणि पुढच्या प्रत्येक जोडीची अदलाबदल करून. शेजारच्या दोन पदांची जागा बदलली तर आंशिक बेरजेत फार तर एका जोडीचा फरक पडतो, आणि तो शून्याकडे जातो. म्हणून बेरीज ln 2 − 1, सुमारे −0.307. डिरिश्लेंच्या मांडणीत एकेक ऋण पद आपल्या जागेवरून दूर दूर ढकललं जात होतं, इथे प्रत्येक पद फक्त एक घर सरकलं आहे.