हिरवा रंग म्हणजे अर्धवट राहिलेला हिशेब

बेनेडिक्ट चाचणीचा तक्ता बऱ्याच प्रयोगशाळांच्या भिंतीवर असतो: निळा म्हणजे साखर नाही, हिरवा म्हणजे अर्ध्या टक्क्यापर्यंत, पिवळा एक टक्क्यापर्यंत, नारिंगी दोनपर्यंत आणि वीटकरी म्हणजे दोन टक्क्यांच्या वर. तक्ता पाठ होतो, पण परीक्षानळीत नेमकं काय चाललंय ते त्यातून कळत नाही. आज त्याच्याबद्दल बोलू.

आधी द्रावण. एक लिटरसाठी मोरचूद 17.3 ग्रॅम, सोडियम सायट्रेट 173 ग्रॅम आणि निर्जल सोडियम कार्बोनेट 100 ग्रॅम. सायट्रेट आणि कार्बोनेट कोमट पाण्यात एकत्र विरघळवायचं. मोरचूद वेगळ्या भांड्यात, साधारण 100 मिली पाण्यात विरघळवून पहिल्या द्रावणात बारीक धारेनं, ढवळत ढवळत ओतायचं. सायट्रेट इथे तांब्याला धरून ठेवतं. ते नसेल तर अल्कलीत तांबं लगेच निळसर गाळ होऊन खाली बसेल, आणि तापवल्यावर तो काळा पडेल.

चाचणीला 5 मिली द्रावण आणि नमुन्याचे 8 थेंब, म्हणजे सुमारे अर्धा मिली. नळी उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवायची. थेट ज्योतीवर धरलीत तर द्रावण उसळून बाहेर उडतं. नमुना घालण्याआधी नुसतं द्रावण उकळून बघा. ते स्वच्छ निळं राहिलं नाही तर बाटलीच बदला.

आता रंग. गरम अल्कलीत ग्लुकोज निळ्या तांब्याचं क्षपण करतं आणि क्युप्रस ऑक्साइडचा साका तयार होतो. साक्याचे कण अगदी बारीक असतील तर तो पिवळा दिसतो, मोठे असतील तर लाल. हिरवा रंगाचा पदार्थ मात्र यात कुठेच नाही. पिवळा साका आणि उरलेलं निळं द्रावण एकमेकांतून दिसतात, म्हणून डोळ्याला हिरवं वाटतं. खात्री करायची तर हिरवी झालेली नळी स्टँडमध्ये ठेवून द्या. काही वेळानं तळाशी पिवळट-तांबूस थर बसतो आणि वर निळं पाणी उरतं. म्हणूनच रंग वाचताना नळी आधी हलवायची, मागे पांढरा कागद धरायचा आणि उजेडात बघायचं. साका नसलेला नुसता हिरवट झाक असलेला निळा रंग मी तरी होकारार्थी धरणार नाही. लघवीच्या नमुन्यात फॉस्फेटमुळे पांढुरका गढूळपणाही येतो. तोही साखरेचा नव्हे.

मग वीटकरी दोन टक्क्यांलाच का? गणित करून बघा. 5 मिली द्रावणात सुमारे 0.35 मिलिमोल तांबं असतं. दोन टक्क्यांच्या नमुन्याच्या अर्ध्या मिलीत 10 मिलिग्रॅम ग्लुकोज, म्हणजे 0.055 मिलिमोल. पाठ्यपुस्तकातल्या समीकरणात एका ग्लुकोजमागे तांब्याचे दोन आयन दाखवतात, पण गरम अल्कलीत ग्लुकोजची साखळीच तुटत जाते आणि प्रत्यक्षात पाच-सहा आयन खर्च होतात. गुणाकार केला की जवळजवळ सगळं तांबं संपतं. निळं उरतच नाही, म्हणून लाल लाल दिसतं.

याचा अर्थ असा की तीन टक्के असो की आठ, नळी सारखीच वीटकरी. तिथे नमुना पाण्यानं दहापट पातळ करून चाचणी पुन्हा करायची. समजा आता हिरवा रंग आला. म्हणजे पातळ नमुन्यात अर्ध्या टक्क्यापर्यंत, अर्थात मूळ नमुन्यात पाच टक्क्यांपर्यंत साखर आहे. पिवळा आला तर पाच ते दहाच्या दरम्यान. नुसत्या डोळ्यानं याहून बारीक सांगता येत नाही. थेंबांतही घोळ होतो: जाड तोंडाच्या ड्रॉपरचे आठ थेंब अर्ध्या मिलीपेक्षा बरेच जास्त भरतात आणि सगळा तक्ता एक घर पुढे सरकतो.

चहात घालतो ती साखर मात्र कितीही घाला, द्रावण निळंच. सुक्रोजमध्ये ग्लुकोज आणि फ्रुक्टोज आपापल्या क्षपण करणाऱ्या टोकांनीच एकमेकांना जोडलेले असतात, त्यामुळे तांब्याला द्यायला काही मोकळं राहत नाही. गुळाचं पाणी मात्र रंग बदलतं, कारण रस आटवताना थोडं सुक्रोज फुटलेलं असतं. हेच फोडणं नळीत करता येतं: 5 मिली साखरपाण्यात संहत हायड्रोक्लोरिक आम्लाचे 5 थेंब, पाच मिनिटं उकळत्या पाण्यात, मग थंड करून खाण्याचा सोडा चिमूट चिमूट, फसफस थांबेपर्यंत. सोडा विसरलात तर आम्ल द्रावणातली अल्कली खाऊन टाकतं. तेव्हा नळीत बुडबुडे येतात आणि रंग फिका येतो किंवा येतच नाही. साखर फुटली नाही असं समजून लोक पुन्हा उकळत बसतात. आधी लिटमस लावून बघा.