कोणी कोणाला मारलं? अरबी शब्दाच्या शेवटी दडलेलं उत्तर

पडद्यावर: दोन अरबी मथळे, एकाखाली एक. वर्तमानपत्रात छापतात तसे, स्वरचिन्हांशिवाय.

निवेदन:
हे दोन मथळे पाहा. दोन्हींत तीन-तीनच शब्द आहेत. पहिला शब्द क्रियापदाचा, ‘कतल’, म्हणजे ठार केलं. दुसरा शब्द ‘दोन सैनिक’. तिसरा ‘बंदूकधारी’. शब्दांचा क्रमसुद्धा तोच आहे. तरीही वरच्या मथळ्यात एका बंदूकधाऱ्याने दोन सैनिकांना ठार केलं आहे आणि खालच्या मथळ्यात दोन सैनिकांनी एका बंदूकधाऱ्याला.

वरचा मथळा ऐका: कतल जुन्दियैनि मुसल्लहुन्.
आणि हा खालचा: कतल जुन्दियानि मुसल्लहन्.

वर ‘जुन्दियैनि’ आहे, खाली ‘जुन्दियानि’. वर ‘मुसल्लहुन्’, खाली ‘मुसल्लहन्’. मेलं कोण आणि मारलं कोणी, हे ठरलं ते एवढ्या फरकावर.

मराठी माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही. ‘सैनिकांनी बंदूकधाऱ्याला मारलं’ असं म्हणा, नाहीतर ‘बंदूकधाऱ्याला सैनिकांनी मारलं’ असं म्हणा. ‘नी’ आणि ‘ला’ जागेवर असले की शब्द कुठेही ठेवले तरी अर्थ हलत नाही. अरबीतही विभक्ती हेच काम करते. अरबी व्याकरणात तिला इअराब म्हणतात. नामाच्या शेवटी ‘उ’ आला तर ते नाम बहुधा कर्ता असतं, ‘अ’ आला तर बहुधा कर्म, आणि ‘इ’ आला तर ते एखाद्या शब्दयोगी अव्ययाच्या किंवा षष्ठीच्या संबंधात अडकलेलं असतं. ज्यांच्या घरी कुराण वाचलं जातं त्यांना या तीन स्वरांच्या खुणा पेश, जबर आणि जेर या नावांनी ठाऊक असतील.

अडचण पुढे आहे. मराठीत ‘ला’ लिहावाच लागतो. अरबीत हे ऱ्हस्व स्वर अक्षरांच्या वर-खाली खुणांनी दाखवतात, आणि रोजच्या छपाईत त्या खुणा गाळतात. बातमी, करारपत्र, कादंबरी, कुठेच त्या सहसा नसतात. म्हणजे ज्या स्वरावर अर्थ टांगलेला, तोच कागदावर नाही.

पडद्यावर: जुन्या हस्तलिखिताचं पान. काळी अक्षरं, त्यांच्याभोवती लाल ठिपके.

निवेदन:
या खुणा सुरुवातीला नव्हत्याच. परंपरा त्यांचं श्रेय बसऱ्याचे व्याकरणकार अबुल अस्वद अद-दुअली यांना देते. इसवी सन ६८८ च्या सुमारास ते वारले. सांगतात ते असं, की त्यांनी एकाला कुराणातल्या नवव्या सूरेची तिसरी आयत वाचताना ऐकलं. त्या आयतीचा अर्थ आहे: अल्लाहचा अनेकेश्वरवाद्यांशी संबंध उरला नाही, आणि त्याच्या प्रेषिताचाही. तिथे शब्द आहे ‘रसूलुहू’. त्या माणसाने वाचलं ‘रसूलिही’. एक ‘उ’ जाऊन ‘इ’ आला आणि वाक्य असं झालं, की अल्लाहचा अनेकेश्वरवाद्यांशी आणि स्वतःच्या प्रेषिताशीही संबंध उरला नाही. यानंतर त्यांनी वेगळ्या रंगाच्या शाईचे ठिपके ठरवले: ‘अ’साठी अक्षराच्या वर, ‘इ’साठी खाली, ‘उ’साठी बाजूला. आज आपण पाहतो त्या खुणांचे आकार त्यानंतर आठव्या शतकात खलील इब्न अहमद यांनी दिले, असं मानलं जातं.

पडद्यावर: पुन्हा तेच दोन मथळे. शेवटची अक्षरं ठळक होतात.

निवेदन:
आता आपल्या मथळ्यांकडे परत येऊ. त्यांवर खुणा नव्हत्या, तरी अर्थ लागला. कारण काही विभक्ती खुणेने नाही, तर चक्क अक्षराने लिहिल्या जातात. द्विवचनात कर्त्याच्या शेवटी अलिफ आणि नून ही अक्षरं येतात. बाकी विभक्तींत अलिफच्या जागी ‘या’ हे अक्षर. पुरुषांच्या नियमित अनेकवचनात कर्त्याला वाव आणि नून, बाकी विभक्तींत ‘या’ आणि नून. आणि अनिश्चित एकवचनी नाम कर्म झालं की त्याच्या शेवटी बहुधा एक जास्तीचा अलिफ उभा राहतो. खालच्या मथळ्यातल्या ‘मुसल्लहन्’च्या शेवटी तोच अलिफ आहे. छापील अरबी मजकुरात भाषांतरकाराने आधी शोधायच्या त्या या जागा. त्या पक्क्या झाल्या की न लिहिलेले स्वर त्यांच्या आधाराने ठरवता येतात.

एक लांब वाक्य घेऊन पाहू, आणि ते इंग्रजीत कसं न्यायचं तेही.

पडद्यावर: वाक्य शब्दाशब्दाने उमटतं.

निवेदन:
इस्तक़्बल अम्सि, फी मक्तबिही बिल्-आसिमति, वफ्दन् मिनल्-मुहन्दिसीनल्-मिस्रिय्यीन, वज़ीरुन्-नक़्लि-ल्लज़ी इन्तक़द खुत्ततहू मुराक़िबून कसीरून.

शब्द येतात त्या क्रमाने मराठीत असं: स्वागत केलं काल, त्याच्या राजधानीतल्या कार्यालयात, शिष्टमंडळ इजिप्शियन अभियंत्यांचं, परिवहनमंत्री, ज्याच्या योजनेवर टीका केली बऱ्याच निरीक्षकांनी.

क्रियापद पहिलंच आहे, ‘स्वागत केलं’, पुल्लिंगी एकवचनी. कोणी केलं, ते अजून कळलेलं नाही. नवशिका भाषांतरकार इथेच घसरतो. आधीच्या वाक्यात पंतप्रधान आले असतील, तर ‘त्याच्या कार्यालयात’ हे शब्द दिसताच तो पंतप्रधानांनाच कर्ता धरतो आणि इंग्रजीत ‘ही’ लिहून मोकळा होतो. अरबीत क्रियापदाच्या पोटात ‘तो’ लपलेला असू शकतो, त्यामुळे चूक लगेच दिसतही नाही. ती दिसते ती पुढे, जेव्हा ‘परिवहनमंत्री’ हा शब्द येतो आणि त्याला वाक्यात बसायला जागाच उरत नाही.

म्हणून आधी शब्दयोगी अव्ययांचे गट बाजूला काढायचे. ‘कार्यालयात’, ‘राजधानीत’, ‘अभियंत्यांपैकी’: ही नामं अव्ययाच्या ताब्यात आहेत, ती या क्रियापदाचा कर्ता नाहीत आणि थेट कर्मही नाहीत. ‘मुहन्दिसीन’च्या शेवटी या आणि नून आहेत, ते कर्माचंही रूप असू शकतं, पण त्याच्या आधी ‘मिन’ उभा असल्यामुळे तो प्रश्न मिटतो. मागे राहतात दोनच नामं, ‘वफ्द’ आणि ‘वज़ीर’. ‘वफ्दन्’च्या शेवटी अलिफ छापलेला आहे. शिष्टमंडळ कर्म झालं. ‘वज़ीर’वर काहीच छापलेलं नाही, पण या क्रियापदाला एकच कर्म लागतं आणि ती जागा भरलेली आहे. म्हणून मंत्री कर्ता, आणि आपण वाचतो ‘वज़ीरु’. कार्यालयही त्याचंच: ‘त्याच्या’ हे सर्वनाम इथे मागे नाही, पुढे बोट दाखवतंय.

याच वाक्यात विभक्ती आणखी एक काम करते. ‘मिस्रिय्यीन’, इजिप्शियन, हे विशेषण कोणाचं? शिष्टमंडळाचं की अभियंत्यांचं? अरबीत विशेषण आपल्या नामाची विभक्ती, वचन, निश्चितता सगळं उचलतं. इथे ते अनेकवचनी आहे, म्हणजे ते अभियंत्यांचं. शिष्टमंडळाचं असतं तर ‘मिस्रिय्यन्’ झालं असतं, शेवटी अलिफसह. तेव्हा इंग्रजीत ‘अ डेलिगेशन ऑफ इजिप्शियन इंजिनियर्स’ बरोबर आणि ‘अन इजिप्शियन डेलिगेशन ऑफ इंजिनियर्स’ चूक. अभियंते इजिप्तचे आणि त्यांना पाठवणारी संस्था दुसऱ्याच देशाची, असं असू शकतं.

आता शेवटचा तुकडा. ‘इन्तक़द खुत्ततहू’, इथवर वाचून थांबलात तर ‘योजनेवर टीका करणारा मंत्री’ असाच अर्थ लागतो. पण पुढे ‘मुराक़िबून’ आहे, वाव आणि नून घेऊन. ते कर्त्याचंच रूप आहे. टीका निरीक्षकांनी केली आणि योजना मंत्र्याची. आणखी एक साक्ष तपासून घ्या. ‘खुत्तत’, योजना, हा स्त्रीलिंगी शब्द आहे; क्रियापद पुल्लिंगी आहे. तेव्हा ‘योजनेने टीका केली’ असं सहसा वाचता येत नाही.

इंग्रजी वाक्य आता असं होईल: यस्टरडे, ॲट हिज ऑफिस इन द कॅपिटल, द ट्रान्सपोर्ट मिनिस्टर, हूज प्लॅन मेनी ऑब्झर्व्हर्स हॅव क्रिटिसाइज्ड, रिसीव्ह्ड अ डेलिगेशन ऑफ इजिप्शियन इंजिनियर्स. अरबीत क्रियापदापासून इतका लांब राहिलेला कर्ता इथे त्याच्या आधी आला. इंग्रजीत ही मोकळीक नाही. तिथे कर्ता कोण, हे जागाच सांगते.

पडद्यावर: शेवटी अलिफ असलेले वेगवेगळे शब्द एकामागून एक येतात.

निवेदन:
पण हा अलिफ दिसला की कर्म सापडलं, असं समजू नका. ‘कानल्-वज़ीरु मश्ग़ूलन्’, मंत्री कामात होते. इथे ‘मश्ग़ूलन्’ला कर्माची विभक्ती आहे, पण कर्म कुठे आहे? ‘कान’ हे क्रियापद आपल्या विधेयाला तीच विभक्ती देतं. ‘हसत आला’मधल्या ‘हसत’सारख्या शब्दालाही अरबीत तीच लागते. म्हणून अलिफ पाहण्याआधी क्रियापद कुठलं आहे ते पाहावं.

उलट बाजूनेही फसगत होते. ‘कतल’ आणि ‘कुतिल’, ‘ठार केलं’ आणि ‘ठार झाला’, खुणांशिवाय एकसारखेच दिसतात. मथळ्यात नुसतं ‘कतल जुन्दियान’ असेल, तर ‘जुन्दियान’ला कर्त्याची विभक्ती आहे खरी, पण पुढे कर्म म्हणून कोणीच नाही. मग ते ‘कुतिल’ वाचायचं: दोन सैनिक ठार. तिथे ‘टू सोल्जर्स किल्ड’ एवढंच न लिहिता ‘टू सोल्जर्स वर किल्ड’ असं लिहायला विसरू नये, नाहीतर मेलेले सैनिकच मारेकरी वाटतील.

आणि कधी विभक्ती काहीच बोलत नाही. ‘दरब मूसा ईसा’ हे व्याकरणाच्या वर्गातलं ठरलेलं उदाहरण. दोन्ही नावं दीर्घ ‘आ’वर संपतात, त्यांच्यावर कुठलाच स्वर उमटत नाही. अशा वेळी क्रम पाळावाच लागतो: पहिला तो कर्ता, म्हणजे मूसाने ईसाला मारलं. पण ‘अकलल्-कुम्मस्रा मूसा’ म्हटलं की कोणी गोंधळत नाही. कुम्मस्रा म्हणजे नाशपाती. खाणारा मूसाच.

पडद्यावर: कुराणातली ओळ, सगळ्या स्वरचिन्हांसह.

निवेदन:
शेवटी पस्तिसाव्या सूरेतली अठ्ठाविसावी आयत. ‘इन्नमा यख्श-ल्लाह मिन इबादिहिल्-उलमाउ.’ ‘यख्शा’ म्हणजे भितो, आणि त्याच्या लगेच पुढे अल्लाह. नुसता क्रम धरून इंग्रजी केलं, तर अल्लाह आपल्या विद्वान भक्तांना भितो, असा अर्थ निघेल. पण ‘अल्लाह’वर ‘अ’ आहे, ‘उलमा’वर ‘उ’. भिणारे विद्वान आहेत.

मग क्रम उलटा का ठेवला? ‘इन्नमा’ म्हणजे ‘फक्त’, आणि या ‘फक्त’चा भार वाक्यात शेवटी आलेल्या घटकावर पडतो. इथे शेवटी विद्वान आहेत, म्हणून अर्थ असा: त्याच्या भक्तांपैकी फक्त विद्वानच त्याला खरे भितात. त्याच विभक्ती ठेवून ‘अल्लाह’ शेवटी नेला, तर अर्थ होईल: विद्वान फक्त अल्लाहला भितात. तेव्हा विभक्ती पाहून भाषांतरकार कर्ता ठरवतो, आणि क्रम पाहून इंग्रजीतला ‘ओन्ली’ कुठे ठेवायचा ते. ‘ओन्ली द लर्नेड फिअर गॉड’ आणि ‘द लर्नेड फिअर ओन्ली गॉड’ ही दोन्ही वाक्यं इंग्रजी म्हणून निर्दोष आहेत. या आयतीचं भाषांतर त्यांतलं पहिलंच आहे.